अभ्यासिकेच्या थंड पाण्याचं बिल

मला लोक भांडखोर म्हणतात. ते खरं नाही. मी मीटर वाचते आणि जे वाचलं ते तोंडावर सांगते, त्यामुळे समोरच्याला भांडण झाल्यासारखं वाटतं. धरमपेठेतल्या एका इमारतीची वीज, लिफ्ट, पंप आणि थंड हवा सांभाळायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे, आणि तिथल्या प्रत्येक भाडेकरूशी माझं एकदा तरी वाजलेलं आहे. त्यातल्या निम्म्यांशी आता माझी चांगली मैत्री आहे. उरलेले लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये बघतात.

इमारत मिश्र वस्तीची. तळमजल्यावर दागिन्यांचं मोठं शोरूम. पहिल्या मजल्यावर पुढच्या बाजूला त्याच शोरूमचा वरचा भाग आणि मागच्या बाजूला एक अभ्यासिका. त्याच्या वर कार्यालयं, एक पॅथॉलॉजी लॅब, आणि सगळ्यात वर राहते फ्लॅट. इतक्या तऱ्हेचे लोक एका छपराखाली आले की बिल हा विषय नाजूक होतो. फ्लॅटवाल्यांना वाटतं शोरूमच्या झगमगाटाचे पैसे आपण भरतो, शोरूमवाल्यांना वाटतं फ्लॅटवाले दिवसभर लिफ्टमध्ये खेळतात. सगळ्यांना मिळून वाटतं की मॅडम काहीतरी गडबड करतात.

म्हणून मी पहिल्याच वर्षी सगळ्यांना गच्चीवर बोलावून मीटरांचं झाड समजावून सांगितलं होतं. वीज कंपनीचं एकच मोठं मीटर, ते झाडाचं खोड. त्याखाली आमचं स्वतःचं तपासणीचं मीटर, मग प्रत्येक मजल्याकडे जाणाऱ्या केबलवर एकेक मीटर, आणि मजल्यावर प्रत्येक भाडेकरूचं आपापलं. जिने, लिफ्ट, पार्किंगचे दिवे, पाण्याचे पंप यांचं वेगळं मीटर, ते झालं सामाईक. आणि थंड पाणी तयार करणाऱ्या प्लांटरूमचं आणखी वेगळं. मजल्याच्या मीटरमध्ये जितकी युनिटं दिसतात, तितकी त्याखालच्या भाडेकरूंच्या बेरजेत दिसली पाहिजेत. थोडी तूट केबलमध्ये जाते, ती चालते. जास्त गेली तर कुणीतरी मीटरच्या आधी तार जोडली आहे किंवा एखादं मीटर झोपलंय.

थंड पाण्याचं झाड वेगळं. आमच्याकडे कार्यालयं, लॅब, अभ्यासिका आणि शोरूम यांना स्वतःचे एसी नाहीत. तळघरातली मोठी यंत्रं पाणी थंड करतात, ते पाणी जाड पाइपांतून वर जातं, प्रत्येकाकडच्या एअर युनिटमध्ये फिरतं, तिथली उष्णता घेऊन कोमट होऊन परत येतं. एअर युनिट म्हणजे थंड नळ्यांवरून हवा फुंकणारी मोठी पेटी, त्यात पंखा असतो. प्रत्येकाच्या पाइपवर एक मीटर बसवलेलं. त्याला तीन गोष्टी कळतात: पाणी किती गेलं, जाताना किती थंड होतं, येताना किती कोमट झालं. या तिघांवरून तुम्ही किती थंडावा वापरला ते निघतं. प्लांटरूमची सगळी वीज, त्याला लागणारं पाणी आणि देखभाल यांचा महिन्याचा खर्च या थंडाव्यावर वाटून टाकायचा. त्यातला एक भाग ठरावीक, ज्यानं जितकी क्षमता राखून ठेवली त्या प्रमाणात, कारण यंत्रं तुमच्यासाठी उभी असतात, तुम्ही वापरा की न वापरा. बाकीचा भाग प्रत्यक्ष वापरावर. प्लांटरूमची वीज सामाईक खर्चात पुन्हा धरायची नाही, नाहीतर एकाच विजेचे पैसे दोनदा घेतले जातात. फ्लॅटवाल्यांकडे स्वतःचे एसी, त्यामुळे त्यांचा या झाडाशी संबंध नाही. आणि मालकाने विजेवर एक पैसाही नफा घ्यायचा नाही, जे आलं तेच वाटायचं.

हे सगळं मी इतक्या ठासून सांगितलं होतं की शेवटी मालक म्हणाले, "मॅडम, पोराइची परीक्षा घ्याची आहे का?"

मालक म्हणजे मूळचे काटोलकडचे संत्र्याचे बागाईतदार. बाग अजून आहे, आठवड्यातून दोन दिवस तिथेच असतात. इमारत बांधली तरी त्यांना विहीर, मोटर आणि ठिबकच्या नळ्या जास्त कळतात. मला ते फार सोयीचं पडायचं, कारण पाण्याच्या फांद्या समजावून सांगायला इंजिनिअरपेक्षा बागाईतदार बरा.

आता अभ्यासिकेबद्दल. नागपुरात अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. स्पर्धा परीक्षा देणारी, बारावीची, नर्सिंगची, कसलीही मुलं महिन्याची फी भरून एक खुर्ची, एक दिवा आणि शांतता विकत घेतात. आमच्या इमारतीतली अभ्यासिका एक निवृत्त शिक्षिका चालवत होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे. सक्करदऱ्याकडे राहायच्या, छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा बहिणींनी सोनं घ्यायला सांगितलं होतं, यांनी टेबलं घेतली. त्यांच्याकडे येणारी निम्मी मुलं पत्र्याच्या घरांतली. मे महिन्यात नागपुरात पत्र्याखाली पुस्तक उघडून दाखवावं कुणीतरी. थंड हवा ही तिथे चैन नव्हती, ती नसती तर मुलं येऊन काय करणार होती?

ताईंचा स्वभाव माझ्यासारखाच, म्हणजे तिखट, त्यामुळे आमचं जमलं. त्या मला 'वं' करून, म्हणजे 'अगं'सारखं एकेरीत, बोलायच्या आणि मला ते आवडायचं. माझ्या हाताखालच्या माणसांसमोर मला 'वं' म्हणणारी ती एकच व्यक्ती होती.

त्या वर्षी मे महिन्यात त्यांचं थंड पाण्याचं बिल वाढलं. मेमध्ये सगळ्यांचंच वाढतं, कुणी लक्ष दिलं नाही. जूनमध्येही वाढलेलंच राहिलं. जुलैत पाऊस धरला, वरच्या कार्यालयांची बिलं खाली आली, ताईंचं मात्र होतं तिथेच. मालकाच्या अकाउंटंटने त्यांना सांगितलं की पोरं एसी खातात, दार उघडं ठेवतात, दुपारी झोपायला येतात. ताईंनी ते मनावर घेतलं. थर्मोस्टॅट वर नेला. दाराला आपोआप बंद होणारी स्प्रिंग लावली. तरी बिल हललं नाही. मग दुपारच्या वेळी पंखाच बंद ठेवायला लागल्या, आणि दुपारी डोकं टेबलावर ठेवणाऱ्या मुलींना रागावून घरी पाठवायला लागल्या.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मला इतकंच माहीत होतं की दर महिन्याला अकाउंटंट माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, "मॅडम, बेरीज एकदम जुळून राहिली." प्लांटमधून जितका थंडावा निघाला तितकाच सगळ्या भाडेकरूंच्या मीटरांत मिळून दिसत होता, तूट नेहमीसारखीच. तो त्या बेरजेवर फार खूश असायचा. त्याच्या लेखी बेरीज जुळली की मीटर बरोबर आणि मीटर बरोबर की ताई चूक.

दसऱ्याच्या आधी ताई माझ्या केबिनमध्ये आल्या. खुर्चीवर बसल्या, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "दिवाळीनंतर बंद करते वं मी. जागेचा करार संपून राहिला, नवा नाही करत."

मी म्हटलं, "ताई, बिलामुळे?"

"मंग काहून? भाडं मले परवडते. लाइटचं बिल परवडते. हे थंड पाणी नाही परवडत. अन् पोराइची फी मी नाही वाढवू शकत. ज्याले परवडते तो माह्याकडे येतच नाही."

"तुम्ही पंखा किती वेळ चालवता?"

"सकाळी अन् संध्याकाळी. दुपारी बंद. हव, दुपारी पूर्ण बंद. रात्री दहाले कुलूप."

मला हे ऐकून रागच आला. त्यांचा नाही. दुपारी पंखा बंद, थर्मोस्टॅट वर, पाऊस होऊन गेला, आणि बिल जागचं हलत नाही, तर मग पाणी कुठेतरी मुरत होतं. आणि बेरीज जुळते म्हणून कुणी पुढे पाहायला तयार नव्हतं. बेरीज तर जुळणारच. एका पोराच्या ताटातली पोळी दुसऱ्याने खाल्ली तर डब्यातल्या पोळ्यांचा हिशेब बरोबरच येतो. बेरजेवरून एवढंच कळतं की थंडावा इमारतीबाहेर गेला नाही. तो कुणी वापरला ते कळत नाही.

मी ताईंना म्हटलं, "करारावर अजून नाही म्हणू नका. दसरा होऊ द्या."

दसऱ्याचं कारण असं. दुपारच्या बंद तासांवर वाद घालता येतो, अख्ख्या दिवसाच्या कुलपावर नाही. ताईंची अभ्यासिका वर्षभर उघडी असते, रविवारीही. पण दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, ती पूर्ण बंद असते. त्या दिवशी ताई आणि त्यांची मुलं दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाण्याचा आणि भोजनदानाचा स्टॉल लावतात, बाहेरगावाहून आलेल्या लोकांना वाढतात. आणि त्याच दिवशी खालच्या शोरूममध्ये सोनं घ्यायला झुंबड उडते, पाय ठेवायला जागा नसते. एका भिंतीच्या अलीकडे कुलूप, पलीकडे वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. मला यापेक्षा चांगला दिवस मुद्दाम शोधूनही मिळाला नसता.

महिन्याचं बिल करताना आपण मीटरचा पहिला आणि शेवटचा आकडा घेतो. मधलं काही बघत नाही. पण आमची मीटरं तासातासाचा वापर संगणकात साठवत असतात. दसऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी मी सकाळी चहा घेऊन संगणकासमोर बसले आणि अभ्यासिकेचा दसऱ्याचा दिवस उघडला, विजेचा आणि थंड पाण्याचा, शेजारी शेजारी.

विजेची रेघ जमिनीला टेकलेली होती. वायफायचा डबा आणि पाण्याचा कूलर, बस. पंखा दिवसभरात एकदाही चालला नव्हता. आणि थंड पाण्याची रेघ सकाळी शोरूम उघडतं त्या वेळेला वर चढली होती, दिवसभर वर राहिली होती, आणि शोरूमचं शटर पडलं तेव्हा खाली आली होती. मी चहा तसाच ठेवला. अशा वेळी मला आनंद होतो, हे मी लपवत नाही.

मी शोरूमच्या मॅनेजरला फोन करून केबिनमध्ये बोलावलं. माणूस गोड, कडक इस्त्रीचा, हिंदी-मराठी एकत्र कालवून बोलणारा. मी त्याला रेघा दाखवल्या. त्याने त्या नीट बघितल्या आणि म्हणाला, "मॅडम, वो तो वाल्व लीक असेल ना. पंखा बंद असला तरी पाणी थोडं थोडं जात असेल. अभ्यासिकेचंच मेंटेनन्स आहे ते."

मुद्दा हुशारीचा होता, हे मान्य केलं पाहिजे. पंखा थांबला की त्या पेटीची झडप आपोआप बंद व्हायला हवी, आणि ती घट्ट बसली नाही तर पाणी गळत राहतं. पण मी या धंद्यात केस पांढरे केलेत. पंखा बंद असताना पाणी नुसतं नळीतून फिरून आलं तर ते जवळजवळ तितकंच थंड परत येतं, कारण त्याच्यावरून हवाच जात नाही. त्याने उष्णता घेतलीच नाही तर मीटरही फारसं काही मोजत नाही. इथे पाणी चांगलं कोमट होऊन परत आलं होतं, भरलेल्या खोलीतून येतं तसं.

"गळतं पाणी थंडच परत येतं," मी त्याला म्हटलं. "हे कोमट होऊन आलंय. म्हणजे कुठेतरी एक पंखा फिरत होता आणि माणसं गार होत होती. अभ्यासिकेला तर कुलूप होतं."

त्याचा चेहरा सांगत होता की त्याला काहीतरी आठवतंय. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. अक्षय्य तृतीयेच्या आधी त्यांनी पहिल्या मजल्यावर मागच्या कोपऱ्यात नववधूंच्या दागिन्यांचा नवा विभाग काढला होता. तिथे गरम व्हायचं म्हणून एक जादा एअर युनिट लावलं. मालकांची परवानगी रीतसर घेतली होती.

ती परवानगी मी काढून बघितली. रीतसरच होती. पंख्याला वीज लागते, म्हणून विजेची परवानगी. पंखा शोरूमच्या मीटरवर जोडला, तोही बरोबर. थंड पाण्याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. सगळ्यांना वाटलं एसी म्हणजे वीज.

मी शिडी मागवली. पहिल्या मजल्याच्या मागच्या पॅसेजमध्ये, अभ्यासिका आणि शोरूमच्या सामाईक भिंतीशी, फॉल्स सीलिंगची एक पाटी सरकवली. अभ्यासिकेचा पाइप, पाइप वर नेणाऱ्या मागच्या शाफ्टमधल्या मीटरमधून बाहेर पडून पॅसेजच्या छतातून तिच्या पेटीकडे जातो. मीटरच्या पुढे, वाटेत, त्याला दोन नवे जोड होते. एक जाणाऱ्या पाइपला, एक परत येणाऱ्या. दोन्ही भिंतीतून पलीकडे, वधूविभागाच्या पेटीकडे गेले होते. काम अगदी सुबक, वरून इन्सुलेशनही छान गुंडाळलेलं. शोरूमचा स्वतःचा पाइप पुढच्या शाफ्टमधून येतो, तिथून मागच्या कोपऱ्यापर्यंत आणायचा तर अख्खं छत उघडावं लागलं असतं, तेही अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर. कंत्राटदाराने जवळचा पाइप धरला. त्याचं डोकं त्याच्या जागी ठीक चाललं होतं, त्याला थंडावा हवा होता आणि तो त्याला हातभर अंतरावर मिळाला. मीटर कुठे आहे आणि कुणाचं आहे हा प्रश्न त्याला पडला नाही, आणि त्याला कुणी विचारलाही नाही.

म्हणजे ताईंचं मीटर दोघांचं मोजत होतं आणि बिल एकट्या ताईंना जात होतं. विजेच्या झाडात ती पेटी शोरूमच्या फांदीवर, पाण्याच्या झाडात अभ्यासिकेच्या. दोन्ही झाडांच्या बेरजा आपापल्या जागी चोख.

मी वर उभी राहून मॅनेजरला म्हटलं, "मी हा जोड बंद करते. तुम्ही आत जाऊन उभे राहा."

"मॅडम, अभी कस्टमर आहेत."

"तेच तर हवंय मला."

मी दोन्ही जोडांवरचे हातव्हॉल्व्ह फिरवले. संगणकासमोर बसवलेल्या माझ्या माणसाने फोनवर सांगितलं की अभ्यासिकेच्या मीटरमधला प्रवाह खाली आला, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून एक बाई म्हणताना ऐकू आल्या की इथे किती गरम होऊन राहिलं, चला पुढच्या काउंटरला. मॅनेजर बाहेर आला तेव्हा त्याच्या इस्त्रीत सुरकुती नव्हती, पण आवाज उतरला होता. मी व्हॉल्व्ह पुन्हा उघडले. शोरूमच्या ग्राहकांशी माझं काही वैर नव्हतं, आणि आता मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

मालकांना सांगायला मी बागेच्याच भाषेत गेले. म्हटलं, "समजा तुमच्या ठिबकच्या लाइनीवर मीटर आहे. मीटरच्या पुढे शेजाऱ्याने टी-जोड लावून आपल्या ओळीला पाणी घेतलं. विहिरीचा हिशेब जुळतो का?"

"जुळते."

"पैसे कोण भरतं?"

ते हसले नाहीत. बागाईतदाराला हा प्रश्न चांगला कळतो. टेबलावर बोट घासत म्हणाले, "शोरूमचा करार पुढच्या वर्षी आहे, मॅडम. मोठा भाडेकरू आहे. त्याइले चोर म्हणता येत नाही."

"चोर कुणी म्हटलंय? चूक म्हणा."

त्यांनी ताईंना बोलावलं. मीही थांबले. मालक तसे चांगले, त्यांनी ताईंना आधी पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाले, "ताई, झालं काय, पाइपमध्ये जरा गडबड झाली. तुम्ही करार करा. पुढचे सहा महिने थंड पाण्याचं बिल मी घेत नाही. मागचं राहू द्या. कागदोपत्री कशाले, आपले घरचेच संबंध आहे."

मी मनात हिशेब केला. ताईंना जे जादा भरावं लागलं होतं त्यापेक्षा हे जास्तच होतं. मालक फसवत नव्हते. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की शोरूमच्या नावाने काही कागद निघू नये. मला वाटलं ताई हो म्हणतील. त्यांना पैशांची गरज होती, हे मला माहीत होतं.

ताईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"भाऊ, तुम्ही मोठ्या मनाचे आहे," त्या म्हणाल्या. "पण मले सूट नाही पाहिजे. दुरुस्ती पाहिजे."

"एकच झालं ना ताई."

"एक कसं झालं? सूट दिली तर बिल खरं राहते. मंग पोरं खरोखर एसी खात होते, अन् तुम्ही दया केली, असं होते. मी त्या पोराइले घरी हाकललं, भाऊ. दुपारी डोकं टेकलं म्हणून हाकललं. दोघी मंग आल्याच नाही. तुमच्या कागदावर ते चोर आहे. तो कागद बदला."

ताई रडत नव्हत्या, आवाजही चढला नव्हता. वर्गात फळ्यावरचं चुकीचं उत्तर पुसायला सांगावं तितक्या साधेपणाने त्या सांगत होत्या.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, मागच्या महिन्याइचं निघते का? अंदाजपंचे नाही चालणार शोरूमले."

"निघतं," मी म्हटलं. मला यात काडीची शंका नव्हती. "वधूविभागाच्या जोडावर वेगळं मीटर बसवते. अभ्यासिकेचा पंखा कधी चालला ते तिच्या विजेच्या नोंदीत तासातासाला आहे. जेव्हा तो बंद होता, तेव्हाचा सगळा थंडावा शोरूमचा. दोन्ही पंखे एकत्र चालले तेव्हाचा वाटा नव्या मीटरवरून काढते. तेवढा अंदाज राहील, तो कसा काढला ते बिलावर लिहीन. हरकत असेल तर शोरूमने आपला माणूस आणून तपासावा. आणि त्यांनी पेटी जादा लावली, म्हणजे क्षमताही जादा घेतली. ठरावीक आकारही त्या महिन्यापासून त्यांच्याकडे."

मालक म्हणाले, "काढा."

शोरूमच्या मॅनेजरने दोन दिवस तोंड पाडलं, मग आपला इंजिनिअर आणला. त्या इंजिनिअरने माझा हिशेब संध्याकाळपर्यंत तपासला आणि एका ठिकाणी मला पकडलं. मेमधल्या एका आठवड्यात प्लांटरूम दुरुस्तीसाठी बंद होती, पंखे फिरले पण थंडावा नव्हता, ते दिवस मी वजा केले नव्हते. मी दुरुस्त केलं. तो खूश झाला, मीही झाले. तपासणारा माणूस भेटला की मला बरं वाटतं. शोरूमने रक्कम भरली. सोन्याच्या दुकानाला ती फार नव्हती, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

त्यानंतर मी इमारतीत एक नियम केला. छतात काहीही नवीन लावायचं तर विजेच्या झाडावर आणि पाण्याच्या झाडावर, दोन्हीकडे त्याची जागा दाखवायची, नाहीतर शिडी मिळणार नाही. आणि दर महिन्याला बेरीज जुळवून झाल्यावर अकाउंटंटला आणखी एक काम: ज्याचा पंखा कमी चालला पण थंडावा जास्त गेला, अशांची नावं मला द्यायची. त्याने पहिल्या महिन्याला तोंड वाकडं केलं. दुसऱ्या महिन्यात त्यानेच लॅबच्या पेटीतला खरोखर गळणारा व्हॉल्व्ह शोधून काढला, आणि तेव्हापासून तो मलाच शिकवायला लागला.

दुरुस्त केलेली बिलं तयार झाली तेव्हा मी ती स्वतः घेऊन अभ्यासिकेत गेले. प्रत्येक महिन्याचं जुनं बिल रद्द, त्याच्या जागी नवं, अभ्यासिकेच्या नावाने, खाली कारण. ताई दाराजवळच्या टेबलाशी बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून एकेक बिल वाचलं, एकही ओळ न गाळता. मग उठल्या आणि मुलांसमोर उभ्या राहिल्या. तिथे बोलायचं नाही असा त्यांचाच नियम, त्यामुळे सगळी मुलं दचकून वर बघायला लागली.

"उन्हाळ्यापासून मी तुम्हाले बोलली," त्या म्हणाल्या. "एसी खाता म्हटलं. ते खोटं होतं. हे बिल आलं आहे, ज्याले पाह्यचं त्यानं पाह्यजो. चूक माही होती, तुमची नव्हती. ज्या दोघी येत नाही त्याइले कोणी ओळखत असाल तर सांगा, मी त्याइच्या घरी जाणार आहे."

मागच्या रांगेतल्या एका मुलीने पेन वर केलं. म्हणाली, तिला एकीचं घर माहीत आहे, सक्करदऱ्याकडेच. ताईंनी तिथेच तिच्याकडून रस्ता विचारून घेतला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. जादा भरलेले पैसे खात्यात परत आले होते, शेवटच्या महिन्याचं नवं बिल भरायचं बाकी होतं, आणि ते आता लहानसं होतं. मी म्हटलं, "ताई, हे पुढच्या महिन्यात वळतं करू, घाई नाही."

"नाही वं," त्या म्हणाल्या आणि पर्समधून पैसे काढले. "हे माह्यं आहे. हे मी भरते."